पीएस५चं अपडेट: मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून घ्यावं की पेनड्राइव्हवरून?

मित्र ऑनलाइन पार्टीत येऊन थांबलेत आणि तुमचा पीएस५ म्हणतोय, आधी सिस्टम सॉफ्टवेअर अपडेट करा. डिस्क घालून एकट्यानं खेळायला त्याची सहसा हरकत नसते. साइन इन करायला गेलं की मात्र तो अडून बसतो, कारण तिथे सोनीचा सर्व्हर आधी तुमची आवृत्ती बघतो. जुन्या आवृत्तीतली सुरक्षेची भोकं लोकांना माहीत झालेली असतात. नव्या आवृत्तीत ती बुजवली आणि जुने कन्सोल तरीही आत येत राहिले, तर बुजवून उपयोग काय?

२०११च्या एप्रिलमध्ये प्लेस्टेशन नेटवर्क हॅक झालं आणि बंद पडलं. मे महिन्यात ते परत सुरू करताना पीएस३वर ३.६१ ही आवृत्ती सक्तीची केली होती, आणि ती घातल्यावर पासवर्डही बदलावा लागत होता. पण दरवेळी कारण इतकं निर्मळ नसतं. २०१०च्या एप्रिलमध्ये आलेल्या ३.२१नं पीएस३वर लिनक्स चालवायची सोय काढून घेतली. ज्यांनी अपडेट नाकारलं त्यांचं लिनक्स राहिलं, पण ऑनलाइन खेळणं गेलं. कंपनी मागच्या आवृत्तीवर परत जायचा रस्ता देत नाही, त्यामुळे अपडेट हा एकतर्फी दरवाजा आहे हे धरूनच चला.

आता निवड. घरी वायफाय असेल तर पेनड्राइव्हच्या भानगडीत पडूच नका. नेटवरून घेताना काही चुकायला जागाच नसते. प्रश्न येतो तो नेट फक्त मोबाइलचं असतं तेव्हा. पीएस५ची फाइल एक जीबीच्या वर असते आणि रोजचा दीड जीबीचा पॅक त्यातच जवळजवळ संपतो. अशा वेळी ऑफिसात किंवा मित्राकडे लॅपटॉपवर ती उतरवून आणणं परवडतं. मात्र पेनड्राइव्हनं फक्त कन्सोलचं सॉफ्टवेअर नवं होतं. गेमचं स्वतःचं अपडेट नेटवरूनच घ्यावं लागतं आणि ते कित्येकदा याच्या कैक पट मोठं असतं. तेही बाकी असेल तर सरळ कन्सोलच उचलून वायफायवाल्या मित्राकडे न्या. हे मी गमतीनं म्हणत नाही.

पेनड्राइव्हच ठरला, तर तो FAT32 किंवा exFAT फॉरमॅटचा हवा. त्यावर मोठ्या अक्षरांत `PS5` नावाचा फोल्डर, त्यात `UPDATE`, आणि त्यात सोनीच्या अधिकृत साइटवरून घेतलेली फाइल:

```
PS5/UPDATE/PS5UPDATE.PUP
```

"अपडेट फाइल सापडत नाही" असं कन्सोल म्हणाला, तर दहातल्या नऊ वेळा घोळ नावात असतो. फाइल दुसऱ्यांदा उतरवली की ब्राउझर तिला `PS5UPDATE (1).PUP` करून ठेवतो, आणि कन्सोलला ते नाव चालत नाही. दुसरा सापळा जास्त वाईट. त्याच साइटवर सगळं नव्यानं टाकण्यासाठीची वेगळी फाइल असते आणि तिचंही नाव हेच. ती घेऊ नका.

कन्सोल नीट सुरू होत असेल तर सेटिंग्जमधल्या System Software मध्ये Update from USB Drive हा पर्याय आहे. तेवढं पुरतं. सुरूच होत नसेल तर सेफ मोड: बंद कन्सोलचं पॉवर बटण दाबून धरा. एक बीप लगेच येते, दुसरी साधारण सात सेकंदांनी. दुसरीला बोट काढा. कंट्रोलर केबलनं जोडून पीएस बटण दाबा आणि तिसरा पर्याय, Update System Software, निवडा. सातव्या पर्यायाला हात लावू नका. त्यानं गेम आणि कन्सोलवरचे सेव्ह सगळे पुसले जातात. नेट असो वा पेनड्राइव्ह, फाइल बसत असताना वीज गेली तर धोका सारखाच. गावाकडे लोडशेडिंगची वेळ बघून सुरू करा, किंवा इन्व्हर्टरवर लावा.

एक्सबॉक्सवाल्यांचं गणित उलटं आहे. तिथे पेनड्राइव्ह NTFS लागतो, म्हणजे प्लेस्टेशनला जो नको नेमका तोच, आणि त्यावर किमान ७ जीबी जागा हवी. मायक्रोसॉफ्टच्या साइटवरची OSU1 ही झिप फाइल उघडून त्यातला `$SystemUpdate` फोल्डर पेनड्राइव्हवर अगदी बाहेर, कुठल्याही फोल्डरात न घालता ठेवायचा. मग सिरीज एक्सवर पेअर आणि इजेक्ट ही दोन्ही बटणं धरून एक्सबॉक्स बटण दाबायचं. सिरीज एसला डिस्कच नाही, त्यामुळे तिथे फक्त पेअर. बटणं दोनदा आवाज येईपर्यंत सोडायची नाहीत. एक्सबॉक्सवर हा मार्ग कन्सोल सुरू होताना एरर दाखवून अडकला तरच घ्या.