सीओडीची एसओपी नव्याने लिहिताना: परिच्छेद ठेवायचा की पायऱ्या पाडायच्या?

सांडपाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत ओपन रिफ्लक्स पद्धतीने सीओडी काढत असाल आणि एसओपी नव्याने लिहायची असेल, तर बहुधा दोन मसुदे समोर येतात. एकात जुनाच मजकूर स्वच्छ भाषेत, परिच्छेदांत मांडलेला असतो. दुसऱ्यात प्रत्येक कृतीला क्रमांक, करणाऱ्याचे पद आणि त्याच जागी तपासणी. मी दुसऱ्याच्या बाजूचा आहे, पण सरसकट नाही.

आधी परिच्छेद पाहा:

«५० मिली नमुन्यात १ ग्रॅम मर्क्युरिक सल्फेट व ५ मिली सल्फ्युरिक आम्ल अभिकर्मक घालावे. २५ मिली डायक्रोमेट घालून कंडेन्सर जोडावा, उरलेले ७० मिली आम्ल अभिकर्मक घालून दोन तास रिफ्लक्स करावे. मिश्रण एकजीव असल्याची व पाणी चालू असल्याची खात्री करावी.»

रसायनशास्त्र म्हणून यात चूक नाही. पण खात्री करायची सूचना दोन तासांच्या रिफ्लक्सनंतर वाचायला मिळते, आणि ती कोणी करायची तेही कळत नाही. सल्फ्युरिक आम्ल पाण्यापेक्षा बरेच जड. नीट हलवले नाही तर ते तळाशी बसते, मँटल लावताच तळ एकदम तापतो आणि फ्लास्कमधला ऐवज उसळून बाहेर येतो.

आता तोच भाग पायऱ्यांत:

«६. केमिस्ट: कंडेन्सर जोडा, पाण्याचा नळ उघडा. तपासा: बाहेरच्या नळीतून अखंड धार पडते आहे. पडत नसेल तर इथेच थांबा.

७. केमिस्ट: उरलेले ७० मिली आम्ल अभिकर्मक कंडेन्सरच्या वरच्या तोंडातून थोडे थोडे घाला. घालताना फ्लास्क फिरवत राहा.

८. दुसरा केमिस्ट: तळाशी वेगळा थर नाही हे पाहा, वर्कशीटवर सही करा. सहीशिवाय मँटल सुरू करायचा नाही.»

आठव्या पायरीवर एक प्रश्न लगेच येतो: रात्रपाळीत एकच केमिस्ट असेल तर? परिच्छेदात हा प्रश्न निघालाच नसता, जो तो आपल्या परीने निभावून नेतो. पायऱ्या लिहिल्या की उत्तर द्यावेच लागते. माझे उत्तर असे: एकटा असेल तर रिफ्लक्स लावायचा नाही. नमुन्यात सल्फ्युरिक आम्ल घालून पीएच २ च्या खाली आणायचा आणि तो फ्रिजमध्ये ठेवायचा. सकाळपर्यंत त्याला काही होत नाही.

जबाबदारीसाठी पहिल्या पानावर क्वालिटी मॅनेजर, टेक्निकल मॅनेजर, अ‍ॅनालिस्ट असा तक्ता टाकायची पद्धत आहे. मंजुरी कोणाची, सुधारणा कोणाची, एवढ्यापुरता तो ठीक. मात्र हातात फ्लास्क असताना कोणी पहिले पान उघडत नाही, म्हणून कृतीची जबाबदारी कृतीशेजारीच हवी. आयएसओ १७०२५ ला कर्मचाऱ्यांना त्यांची कर्तव्ये आणि अधिकार कळवलेले हवे असतात. ते अमुकच मांडणीत लिहा असे ते मानक म्हणत नाही. तेव्हा ‘ऑडिटला तक्ता लागतो’ हे कारण फारसे टिकत नाही.

दुसरा फरक पडतो तो रंगाच्या वेळी. रिफ्लक्स चालू असताना मिश्रण हिरवे झाले, तर डायक्रोमेट संपले आहे. तसेच पुढे टायट्रेशन केले तर आकडा खऱ्यापेक्षा कमी येतो. परिच्छेदात ही गोष्ट ‘दक्षता’ या मथळ्याखाली शेवटच्या पानावर सापडते. पायऱ्यांत ती रिफ्लक्सच्या लगेच खाली फाटा म्हणून येते: हिरवे दिसले की केमिस्टने मँटल बंद करायचा, फ्लास्क थंड होऊ द्यायचा, मिश्रण पारा-क्रोमियमच्या कचऱ्याच्या कॅनमध्ये ओतायचे (सिंकमध्ये कधीच नाही), नमुना कमी घेऊन पाण्याने ५० मिली करायचा आणि पुन्हा सुरुवात करायची. हा निर्णय केमिस्टचा स्वतःचा, इनचार्जची परवानगी लागत नाही, हेही तिथेच लिहा. नाहीतर लोक विचारायला जातात, इनचार्ज मीटिंगमध्ये असतो आणि टायट्रेशन उरकले जाते.

पायऱ्यांची किंमतही आहे. पानभराचा मजकूर तीन पानांवर जातो आणि मुरलेले केमिस्ट कुरकुरतात. त्याहून वाईट म्हणजे सह्यांचा सुकाळ. प्रत्येक पायरीवर सही मागितली तर पाळी संपताना सगळ्या सह्या एका बैठकीत, एकाच पेनाने होतात. म्हणून सही फक्त आठव्या पायरीवर. बाकी तपासण्या डोळ्यांनी.

तयार अभिकर्मकाच्या बंद नळ्या वापरून १५० अंशांवर डायजेस्ट करत असाल तर हा सारा थाट नको. तिथे ७० मिलीची पायरीच नाही. झाकण घट्ट आहे, तापवण्याआधी नळी उलटसुलट करून मिसळली आहे, इतके दोन ओळींत पुरते. फेरोइन तयार करण्यासारख्या कामांनाही साधा परिच्छेद चालतो.

ठरवता येत नसेल तर दोन्ही मसुदे नव्या केमिस्टला द्या आणि रसायनांऐवजी साधे पाणी वापरून, मँटल न लावता, सगळे करायला सांगा. लिहिणाऱ्याने बाजूला उभे राहायचे, बोलायचे नाही. जिथे तो मान वर करून विचारतो, ती ओळ बदलायची. नवी प्रत मंजूर झाली की त्याच दिवशी फ्यूम हूडच्या काचेवर चिकटवलेली जुनी झेरॉक्स काढा. ती राहिली तर लोक तीच वाचतात.