नळीवरचं चुंबक आणि कंपनीचं जुनं नाव

पाण्यातला क्षार कमी करणारी चुंबकाची क्लिप मी घेतली. नळीला बाहेरून अडकवायची, वीज नको, प्लंबर नको. वेबसाइटवर ‘1998 पासून’ आणि ‘10 वर्षांची वॉरंटी’ असं ठळक लिहिलं होतं. चार महिन्यांनी किटलीच्या तळाशी पूर्वीइतकाच पांढरा थर दिसला. तक्रार केली तेव्हा उत्तर आलं, वॉरंटी 1 वर्षाची आहे आणि ‘परिणामाची हमी’ तिच्यात येत नाही. वेबसाइटवर पाहिलं, तर खरंच आता 1 वर्ष लिहिलेलं. माझ्याकडे फक्त पैसे भरल्याची पावती. वॉरंटीचा शब्द मी कुठेच जपून ठेवला नव्हता, हा माझा गाढवपणा.

मग वेबसाइटच्या जुन्या प्रती जपून ठेवणाऱ्या वेबॅक मशीनकडे वळलो. web.archive.org वर पत्ता टाकला की वर्षांची पट्टी आणि खाली कॅलेंडर येतं. ज्या दिवशी पानाची प्रत घेतली गेली त्या तारखेवर ठिपका असतो. निळा म्हणजे पान व्यवस्थित मिळालं, हिरवा म्हणजे ते दुसऱ्या पत्त्याकडे वळवलं होतं. माझ्या कंपनीची पहिली प्रत होती 2019 ची. 1998 च्या दाव्याबद्दल शंका आली, पण एवढ्यावरून तो खोटा ठरत नाही. कंपनी जुनी आणि वेबसाइट नवी, असं असू शकतं.

धागा सापडला तो ‘संपर्क’ पानाच्या 2019 मधल्या प्रतीत. लोगो नवा, नाव नवं, पण खालचा ईमेल भलत्याच डोमेनचा! नाव बदलताना एवढं एकच बदलायचं राहिलं होतं. ते डोमेन टाकलं तर 2019 नंतरचे ठिपके हिरवे, आणि ते सगळे याच कंपनीच्या पत्त्याकडे नेणारे. त्याआधीचे निळे. जुन्या साइटची सगळी पानं पाहायला पत्त्याच्या शेवटी तारांकन लावलं (इथे डोमेन नमुन्याचं आहे):

```
https://web.archive.org/web/*/example.com/*
```

यादीत उत्पादनाचं पान होतं. उघडलं आणि हसू की रडू कळेना. तीच क्लिप, तोच फोटो, फक्त पाण्याच्या नळीऐवजी गाडीच्या पेट्रोलची नळी. दावा होता इंधन वाचवण्याचा. ‘समाधानी ग्राहकां’च्या प्रतिक्रियाही त्याच, ‘मायलेज’च्या जागी पुढे ‘पाणी’ आलं इतकंच.

पण फोटोवर मी लगेच विसंबलो असतो तर पुन्हा फसलो असतो. जतन केलेलं पान हे एका क्षणाचं छायाचित्र नसतं. मजकूर एका तारखेचा आणि त्यातलं चित्र कित्येक महिन्यांनंतरचं, असं होतं. त्या क्षणाची प्रत नसेल तर यंत्रणा जवळच्या तारखेची लावते. वरच्या पट्टीतल्या ‘About this capture’ मध्ये प्रत्येक घटकाच्या तारखेतला फरक दिसतो. माझ्या पानात तो दोन दिवसांचा होता, म्हणून फोटो त्याच काळातला धरला.

दुसरा खड्डा आणखी मोठा. त्याच जुन्या डोमेनवर 2012 च्या प्रतींत फुलांचं दुकान होतं, मग दोन वर्षं एकही प्रत नाही आणि मग चुंबक. म्हणजे डोमेन विकलं गेलं असावं. त्या दुकानाचं या मंडळींशी नातं जोडणं अन्याय ठरलं असतं.

राहिली वॉरंटी. प्रतीच्या पत्त्यातले 14 आकडे म्हणजे वर्ष, महिना, दिवस, तास, मिनिटं, सेकंद, तेही यूटीसी वेळेत. माझ्या खरेदीच्या तीन आठवडे आधीच्या प्रतीत ‘10 वर्षे’, दोन महिन्यांनंतरच्या प्रतीत ‘1 वर्ष’. मधल्या काळात एकही प्रत नाही. कंपनीने सरळ सांगितलं, ‘तुमच्या खरेदीआधीच बदल केला होता.’ माझ्या दिवशी पानावर काय होतं हे ठिपके सांगू शकत नव्हते. पैसे गेले ते गेलेच. खरेदीच्या दिवशी ‘Save Page Now’ मध्ये तो पत्ता टाकला असता, तर तारखेसह प्रत राहिली असती.

तरी इंधनवाल्या पानाची लिंक तक्रारीसोबत कंपनीला पाठवली. ही दुसरी चूक. काही आठवड्यांनी तीच लिंक उघडली तर एकच ओळ: ‘This URL has been excluded from the Wayback Machine.’ साइटचा मालक मागणी करून आपली पानं तिथून काढून घेऊ शकतो. सुदैवाने पाठवण्याआधी मी ते पान पीडीएफ करून ठेवलं होतं, वरच्या पट्टीत पत्ता आणि तारीख दिसेल असं. ग्राहक तक्रारीला आता तेवढाच कागद जोडला आहे.