मोरपंखी भिंत, शेंदरी अभ्रे: आठ महिन्यांनंतर

कोथरूडच्या आमच्या फ्लॅटचा हॉल गेल्या दिवाळीत रंगवला. टीव्हीसमोरची, सोफ्यामागची भिंत मोरपंखी. रंगचक्रात समोरासमोर येणारे रंग एकमेकांना उठाव देतात एवढं कळलं होतं. निळ्यासमोर नारिंगी, लालसमोर हिरवा, पिवळ्यासमोर जांभळा. पण मोरपंखी म्हणजे निळा नव्हे, तो हिरव्याकडे झुकलेला निळा. म्हणून त्याची जोडीही एक घर सरकते आणि नारिंगीऐवजी शेंदरीवर येते. हे समजून मी लक्ष्मी रोडवरून शेंदरी सोफा कव्हरं आणली, आणि तिथेच फसलो.

पहिल्याच आठवड्यात आई म्हणाली, "अरे, इकडे बघितलं की डोळे चुरचुरतात." खरंच, सोफ्याची पाठ जिथे भिंतीला भिडत होती, ती कड थरथरल्यासारखी दिसायची. मला वाटलं, रंगच चुकले. मग फोनवर हॉलचा फोटो काढून कृष्णधवल केला, तर सोफा आणि भिंत एकाच करड्या छटेत विरघळलेले! रंग विरुद्ध होते, पण उजेड-गडदपणा सारखा होता. दोन्ही भडक, आकारानेही जवळपास बरोबरीचे, त्यामुळे नजर ठरायला जागाच नव्हती.

भिंत तशीच ठेवली. सोफ्याला सायीच्या रंगाची कव्हरं घातली आणि शेंदरी फक्त दोन अभ्र्यांवर नि कोपऱ्यातल्या एका कुंडीवर आणला, तोही विटेकडे झुकणारा, जरा मळलेला. आता कृष्णधवल फोटोत तीन छटा वेगळ्या दिसतात. अभ्रे एवढेसे, पण दारातून आत येणाऱ्याची नजर आधी तिथेच जाते.

एक गंमत उशिरा लक्षात आली. सायीच्या रंगाचं तेच कव्हर मोरपंखी भिंतीसमोर किंचित गुलाबीसर दिसतं, आणि धुवून गॅलरीत वाळत घातलं की साधं पांढरट. शेजारचा रंग आपल्या विरुद्ध रंगाची झाक देतो. पॅरिसच्या गोब्लँ या विणकामाच्या कारखान्यातल्या रंगाई विभागाचे प्रमुख शेव्हरल यांनी 1839 मध्ये नेमकं हेच मांडलं होतं. काळा धागा फिका दिसतो अशी विणकर तक्रार करायचे, पण दोष रंगाईत नव्हता, शेजारच्या धाग्यांत होता.

तक्रार एकच, ती उजेडाची. आधीची पांढरीशुभ्र ट्यूब लावली की अभ्रे मातकट आणि निर्जीव दिसतात. पिवळसर दिव्यात ते खुलतात, पण भिंत काळपट हिरवी होते. शेवटी 4000 केल्विनचे, म्हणजे पांढऱ्या आणि पिवळसरच्या मधल्या उजेडाचे दिवे लावले, तेव्हा दोघांचं जमलं. रंगाऱ्याने शेड कार्ड दुकानाच्या ट्यूबखाली दाखवलं होतं. घरी आणून रात्री पाहिलं असतं, तर दिव्यांचा खर्च दोनदा झाला नसता.

बाकी खिडकी पश्चिमेची, त्यामुळे एप्रिल-मेमध्ये उन्हाकडचा अभ्रा विटला. आता दर रविवारी दोन्ही अभ्र्यांची अदलाबदल करतो.