आधारवरची जन्मतारीख दुरुस्त करून देतो म्हणणाऱ्या एजंटापासून सावध राहा

माझ्या मावशीच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जन्मतारीख १४ जून १९७१ आहे, आधारवर १ जानेवारी १९६८. नोंदणीच्या वेळी नुसतं अंदाजे वय सांगितलं की १ जानेवारी पडायची, तसंच हे झालं. पेन्शनच्या कागदांत हा फरक अडला आणि कुणीतरी तिला एका एजंटाचा नंबर दिला.

त्याने सांगितलं, "शाळेच्या दाखल्यावर काम होत नाही. जन्माचा दाखला लागतो, तो मी काढून देतो." साडेचार हजार घेतले आणि आठवड्याभरात रंगीत, क्यूआर कोड असलेला दाखला हातात दिला. मावशी खूश झाली. तोच दाखला जोडून त्याने आधार केंद्रावर अर्ज करवला आणि तो नामंजूर झाला. एजंटाने फोन उचलणं बंद केलं.

मग मी तो दाखला नीट वाचला. जन्मस्थान म्हणून परजिल्ह्यातल्या एका दवाखान्याचं नाव होतं. मावशी तर घरीच जन्मली, आजीने हे आम्हाला कितीदा सांगितलंय. क्यूआर स्कॅन केल्यावर तिचं नाव दाखवणारं पान उघडलं, रंगरूप अगदी सरकारी. पण पत्त्याच्या शेवटी gov.in नव्हतं! जन्म-मृत्यू नोंदणीचं केंद्र सरकारचं खरं पोर्टल crsorgi.gov.in वर आहे. त्याच्याशी मिळतंजुळतं नाव घेऊन बनावट साइट उभी करतात आणि कोड तिकडे वळवतात. दाखल्यावर ज्या ग्रामपंचायतीचं नाव होतं तिथे नोंदणी क्रमांक सांगून विचारलं, तर त्या क्रमांकाची नोंदच नाही.

पैशांपेक्षा मला भीती वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. अर्जावर सही एजंटाची नसते, आपली असते. खोटा दाखला जोडल्याचा जाब मावशीलाच विचारला जाऊ शकतो. शिवाय आधारवरची जन्मतारीख साधारणपणे एकदाच बदलता येते. अशा कागदावर चुकीची तारीख चढली असती, तर ती पुन्हा बदलून घेणं फार अवघड झालं असतं.

आता सरळ मार्गाने चाललोय. जन्मगावच्या ग्रामपंचायतीत नोंद शोधली, सापडली नाही, म्हणून अनुपलब्धतेचा दाखला घेतला. तो, शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा आणि प्रतिज्ञापत्र जोडून तहसील कार्यालयात उशिराच्या जन्मनोंदीचा अर्ज दिलाय. याला वेळ लागतो, चौकशी होते. आदेश मिळाला की ग्रामपंचायत नोंद करून खरा दाखला देईल. त्यानंतर केंद्रावर आधार दुरुस्तीची फी फक्त ७५ रुपये. तिथली पोचपावती मात्र स्वतःकडेच ठेवा. तिच्यावरच्या क्रमांकाने अर्ज कुठवर आलाय ते myaadhaar.uidai.gov.in वर दिसतं, किंवा १९४७ वर फोन करून विचारता येतं. आमच्या एजंटाने ती पावतीसुद्धा मावशीला दिली नव्हती.