टेप गुंडाळली म्हणजे कलम होत नाही

दोन हजार रुपये गेले. सोनचाफा 850, मोगऱ्याची दोन रोपं 500, रातराणी 300 आणि वर ‘खास खत’ म्हणून एक पुडकं 350. घरचे म्हणतात, सोडून दे आता. मला सोडवत नाही. इंदूरात सुदामानगरच्या बाजूला ठेल्यावर रोपं घेणाऱ्यांनी तरी हे वाचा.

मी नवखी नाही हो. माहेरी वाड्याच्या चौकात आईचा मोगरा होता, उन्हाळाभर त्याचेच गजरे व्हायचे. इथे तिसऱ्या मजल्यावर पश्चिमेची बाल्कनी मिळाली, चांगलं पाच तास ऊन येतं, तेव्हापासून सुवासाची तीन झाडं लावायचं मनात होतं. कुंडीत सोनचाफा लावायचा तर कलमीच घ्यायचा, हेही मला ठाऊक होतं. बियांपासून केलेलं रोप फुलायला सात-आठ वर्षं सहज घेतं आणि तोवर त्याचा वृक्ष व्हायला लागतो. कलम पहिल्या-दुसऱ्या वर्षी फूल देतं. एवढं माहीत असून फसले, म्हणून तर संताप होतो.

चैत्रातली संध्याकाळ होती. ठेल्यावर कमरेएवढा सोनचाफा, खोडाला वीतभर उंचीवर पांढरी टेप आणि शेंड्यावर दोन पिवळीधमक फुलं. “आंटीजी, कलमी है, फूल समेत ले जाओ।” मी टेप बघितली, फुलं हुंगली आणि पैसे काढले.

तिथेच थांबायला हवं होतं. सोनचाफ्याचं फूल पानाच्या बगलेत येतं, शेंड्यावर नाही. शेंड्याला मिटलेली पानकळी असते. माझ्या डोळ्यांसमोर फूल टोकावर ताठ उभं होतं आणि मला काही खटकलं नाही! सुगंध खरा होता, फूलही खरं होतं, फक्त त्या झाडाचं नव्हतं. दुसऱ्या दिवशी ते मान टाकून बसलं तेव्हा देठात खुपसलेली बारीक तार हाताला लागली. मग टेप सोडली. आत साल खालपासून वरपर्यंत एकसारखी, गुळगुळीत. कलम असतं तर तिरका सांधा दिसला असता, गाठ असती, सांध्याच्या वरची आणि खालची साल थोडी वेगळी वाटली असती. विक्रेता टेप काढू देत नसेल तर ते रोप घेऊच नका.

मोगऱ्याचं तर आणखी वाईट. रोपं लाल मातीच्या घट्ट गोळ्यात होती. आपल्या माळव्यात काळी माती, तेव्हा रोप बाहेरून आलं असेल असं मी समजले. गोळा जरा फोडून मुळं दाखव म्हटलं तर म्हणाला, “जड़ हिल जाएगी, पौधा मर जाएगा।” मला ते पटलं, कारण ऐन उन्हात मुळं उघडी करू नयेत हे खरंच आहे. खऱ्या गोष्टीच्या आड खोटं लपवतात ही माणसं. आठ दिवस पानं हिरवी राहिली, दोन कळ्याही उमलल्या. फांदीत साठलेल्या पाण्यावर तेवढं होतं. मग पानं करपली. उपटलं तर हातात कात्रीने तिरकी कापलेली काडी आली, मूळ एकही नाही.

गोळा फोडायची गरजच नसते. खोड धरून हलकेच वर ओढा, मातीसकट पिशवी उचलली गेली पाहिजे. पिशवीच्या खालच्या भोकांतून पांढरे तंतू डोकावत असतील तर निर्धास्त घ्या.

रातराणी तेवढी खरी निघाली. ती मुद्दाम खरी ठेवतात असं आता वाटतं, एकावर विश्वास बसला की बाकीची खपतात. (‘खास खत’ म्हणजे वाळलेल्या शेणाचा चुरा होता.)

चौकीत गेले. तिथला माणूस म्हणाला, “माताजी, पौधा सूख गया इसमें हम क्या करें?” मी तार दाखवली, टेप दाखवली, कापलेली काडी टेबलावर ठेवली. त्याने बिल मागितलं. ठेलेवाला बिल देतो का कधी? मोबाईलवरून दिलेल्या पैशांची नोंद होती, ती दाखवली तर “आपने खुद भेजे हैं” म्हणून बँकेकडे पाठवलं. बँकेने ॲपवाल्यांकडे, ॲपवाल्यांनी परत पोलिसांकडे. ग्राहक तक्रारीच्या फोनवर दुकानाचं नाव आणि पत्ता विचारला. चाकावर फिरणाऱ्याचा पत्ता मी कुठून आणू? चार ठिकाणी चकरा, रिक्षाचे 240 रुपये वेगळे, आणि तक्रार कुणीच लिहून घेतली नाही. रक्कम लहान आहे म्हणून ती चोरी नाही, असंच सगळ्यांचं म्हणणं दिसतं. अशा दहा बायका रोज फसल्या तर किती होतात, हे एकाने तरी मोजावं ना!

पैसे देताना निदान त्याचा आणि ठेल्याचा फोटो काढून ठेवा. मी तोही काढला नाही.

सोनचाफा फेकवला नाही, रोप म्हणून ते बिचारं धड आहे. धाकट्या दिरांच्या अंगणात जमिनीत लावून दिला. मोगरा आता नर्सरीतून आणला, 120 रुपयांना. तिथल्या माळ्याने न सांगता पिशवी आडवी करून तळ दाखवला.