काचेचे टेबल आणि अडखळणारा माउस: पॅड घ्यावा, की माउस बदलावा?

काचेच्या किंवा चकचकीत टेबलावर पॉइंटर अडखळू लागला, की माउस बिघडला असे समजून नवा घेण्याचा विचार सुरू होतो. पैसे खर्च करण्यापूर्वी दोष पृष्ठभागाचा आहे, भिंगावरच्या मळाचा आहे, की त्या माउसच्या सेन्सरची मर्यादाच तेवढी आहे, हे वेगळे करून पाहावे; कारण या तिन्हींवरचे उपाय अगदी निराळे आहेत.

ऑप्टिकल माउसच्या पोटात एक दिवा आणि एक अगदी छोटा कॅमेरा असतो. दिव्याचा प्रकाश पृष्ठभागावर तिरका पडतो, त्यामुळे कागदाच्या तंतूंच्या किंवा लाकडाच्या रेषांच्या बारीक सावल्या उमटतात, आणि कॅमेरा सेकंदाला हजाराहून अधिक चित्रे टिपत लागोपाठच्या चित्रांमध्ये या सावल्या किती सरकल्या ते मोजत राहतो. स्वच्छ पारदर्शक काचेतून प्रकाश आरपार जातो आणि टिपण्यासारखे काही उरत नाही. चकचकीत लॅमिनेटवर प्रकाश आरशासारखा एकाच दिशेने परततो, त्यामुळे सावल्या फिक्या पडतात. तेथे माउस चालतो, पण मध्येच उडी मारतो.

काचेखाली कापड किंवा रंगीत कागद अंथरण्याचा उपाय सर्रास केला जातो. माझ्या टेबलाची काच 6 मिलिमीटर जाडीची आहे आणि तिच्याखाली मीही जाड कागद पसरून पाहिला. उपयोग शून्य. माउसचे भिंग अवघ्या दोन-तीन मिलिमीटरवरचा पृष्ठभाग स्पष्ट दिसावा अशा बेताने बसवलेले असते, त्यामुळे आणखी सहा मिलिमीटर खाली असलेला कागद त्याला धूसरच दिसतो. तोच कागद काचेवर ठेवला आणि पॉइंटर तत्क्षणी सुधारला.

नेमकी चाचणी हवी असेल, तर विंडोजमध्ये आधी `Enhance pointer precision` बंद करावे, नाहीतर हाताच्या वेगानुसार पॉइंटरचे अंतर बदलते. मग माउस पट्टीला टेकवून पडद्यावरच्या एखाद्या चिन्हाच्या टोकावर पॉइंटर ठेवावा, पाच सेंटिमीटर उजवीकडे न्यावा आणि तसाच परत आणावा. मात्र जाताना पॉइंटर पडद्याच्या कडेला अडू देऊ नये. साध्या, न चकाकणाऱ्या कागदावर तो जवळपास मूळ जागी परततो. काचेवर माझा पॉइंटर वाटेतच थिजला आणि परतल्यावर भलतीकडे होता. कागदावर ठीक आणि काचेवर चूक, असे दिसले तर माउस निर्दोष आहे. कागदावरही तो भरकटत असेल, तर माउस उलटा करावा.

भिंगाच्या खाचेत एक केस अडकला तरी माउस स्थिर असताना पॉइंटर थरथरतो किंवा एकाच दिशेने नीट सरकतो. माउस बंद करून आधी खाच फुंकून काढावी, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने किंचित ओली केलेली कापसाची काडी भिंगावरून न दाबता फिरवावी. तळाच्या पायांना चिकटलेला मळही काढावा. त्याच्या थराने माउस उचलला जातो आणि भिंगाचे अंतर बिघडते. तळाशी दिवा लागलेला दिसत नाही, म्हणून माउस मेला असे मात्र समजू नये, कारण कित्येक माउसमध्ये अवरक्त प्रकाश वापरतात आणि तो डोळ्यांना दिसत नाही.

आता निवडीकडे. लेसर माउस चकचकीत लॅमिनेटवर साध्या माउसपेक्षा सरस ठरतो, पण पारदर्शक काचेवर तोही भरवशाचा नाही. काचेवर खरोखर चालणाऱ्या तंत्रांपैकी लॉजिटेकचे डार्कफील्ड 2009 मध्ये आले; ते काचेवरचे सूक्ष्म धूलिकण आणि ओरखडे टिपते आणि त्यासाठी काच किमान 4 मिलिमीटर जाड हवी, असे कंपनी सांगते. टेबल पुसण्याची फार हौस असणाऱ्यांनी ही गंमत लक्षात ठेवावी, की येथे धूळच कामाला येते.

एकाच जागी बसून काम करणाऱ्याने माझ्या मते पॅडच घ्यावा. महागड्या माउसचा फायदा त्यालाच होतो, ज्याला वेगवेगळ्या जागी, मिळेल त्या टेबलावर बसावे लागते आणि पॅड सोबत वागवणे जमत नाही. कापडी पॅडवर सेन्सरला तंतू उत्तम दिसतात आणि हात थांबवणे सोपे जाते. कडक प्लास्टिकच्या पॅडवर माउस हलका सरकतो आणि तो पुसायलाही सोपा असतो, मात्र त्याचा पृष्ठभाग खरखरीत आणि न चकाकणारा हवा. पॅडवर मोठे छापील चित्र असेल, तर गडद आणि फिकट भागांच्या सीमेवर काही सेन्सर चुकतात, म्हणून एकरंगी पॅड बरा. कापडी पॅडच्या मध्यभागी काही महिन्यांनी हाताच्या तेलाने गुळगुळीत, चमकणारा पट्टा तयार होतो आणि पॉइंटर नेमका तेथेच अडखळू लागतो. अशा वेळी सौम्य साबणाच्या पाण्याने पॅड धुऊन पूर्ण वाळवला, की तो पुन्हा कामास येतो.