टू-फेज लॉकिंग: साधं, स्ट्रिक्ट की रिगरस?

डेटाबेसमधल्या टू-फेज लॉकिंगचा नियम एका वाक्यात मावतो: व्यवहाराने एकदा कुठलंही लॉक सोडलं की त्यानंतर नवं लॉक घ्यायचं नाही. आधी लॉक गोळा करायचे, मग सोडत जायचं. एवढं पाळलं तर सगळे व्यवहार एकामागून एक चालवल्यासारखाच निकाल मिळतो, हे एस्वरन, ग्रे, लोरी आणि ट्रेगर यांनी १९७६ साली मांडलं. पण ही हमी सगळे व्यवहार सुखरूप पार पडतील असं धरून चालते. एखादा मध्येच अबॉर्ट झाला तर काय, याचं उत्तर साध्या प्रकारात नाही. निवड करताना नेमकं इथेच थांबून बघायला हवं.

समजा `A` खात्यात ५०० शिल्लक आहे. `T1` ला त्यातले १०० `B` मध्ये टाकायचे आहेत, `T2` ला `A` मधून ५० वळते करायचे आहेत आणि `T3` ला फक्त शिल्लक वाचायची आहे. खाली `lock-X` म्हणजे लिहिण्यासाठीचं एक्स्क्लुझिव्ह लॉक आणि `lock-S` म्हणजे वाचनासाठीचं शेअर्ड लॉक.

```
T1: lock-X(A)    A: 500 -> 400
T1: lock-X(B)
T1: unlock(A)
T2: lock-X(A)    A: 400 -> 350
T2: unlock(A)
T3: lock-S(A)    read 350
T1: abort
```

इथे नियम कुणीच मोडलेला नाही. `T1` ने `B` चं लॉक आधी घेतलं, मगच `A` सोडलं. पण `B` मध्ये रक्कम टाकताना मर्यादा ओलांडली गेली आणि `T1` ला माघार घ्यावी लागली. आता `A` चं काय करायचं? जुनी किंमत ५०० परत लिहिली तर `T2` ने वळते केलेले ५० पुसले जातात. ३५० तशीच ठेवली तर कधी घडलंच नाही अशा व्यवहाराचे १०० कमी राहतात. म्हणून `T2` लाही मागे घ्यावं लागतं आणि त्याच्या आकड्यावर विसंबलेल्या `T3` लाही. हीच अबॉर्टची साखळी. `T2` ने तोवर कमिट केलं, म्हणजे आपले बदल कायम केले असतील, तर तो मागे घेण्याची सोयही उरत नाही.

यावर एक मधला उपाय सुचतो: `T1` चा निकाल लागेपर्यंत `T2` ला कमिट करू द्यायचं नाही. त्याने कमिट झालेलं काम वाचतं, पण साखळी तुटत नाही. शिवाय कोण कुणावर अवलंबून आहे याची नोंद ठेवण्याचं काम वाढतं. मला हा सौदा तोट्याचा वाटतो.

स्ट्रिक्ट प्रकार साखळी मुळातच तोडतो. लिहिण्यासाठी घेतलेलं एक्स्क्लुझिव्ह लॉक कमिट किंवा अबॉर्ट पूर्ण होईपर्यंत सोडायचंच नाही. वरच्या उदाहरणात `T2` मग `lock-X(A)` वरच थांबून राहतो. `T1` अबॉर्ट होतो, `A` पुन्हा ५०० होतं, मग लॉक सुटतं आणि `T2` ५०० वाचून ४५० लिहितो. कमिट न झालेली किंमत कुणाला वाचताच येत नाही, त्यामुळे कुणाचं अबॉर्ट दुसऱ्याला ओढून नेत नाही. त्या किमतीवर दुसरं कुणी लिहीतही नाही, म्हणून जुनी किंमत परत ठेवणं एवढंच रोलबॅकला पुरतं. मात्र क्रम सांभाळायला हवा: आधी जुनी किंमत परत लिहायची, मगच लॉक सोडायचं.

रिगरस प्रकारात वाचनाचं शेअर्ड लॉकही शेवटपर्यंत धरतात. साखळी रोखायला त्याची गरज नसते, कारण नुसतं वाचणारा व्यवहार अबॉर्ट झाला तरी मागे काही ठेवून जात नाही. फायदा वेगळा आहे. स्ट्रिक्टमध्ये `T1` ने एखादी ओळ वाचून लॉक सोडलं, तर `T2` ती बदलून `T1` च्या आधी कमिट करू शकतो. तार्किक क्रमात मात्र `T1` आधी असतो. रिगरसमध्ये परस्परविरोधी व्यवहारांचा कमिटचा क्रम हाच त्यांचा तार्किक क्रम असतो, आणि एकाहून जास्त डेटाबेस जोडलेले असतील तर ते फार सोयीचं ठरतं.

आणखी एक व्यावहारिक कारण आहे. यापुढे लॉक लागणार नाही, हे कमिटची आज्ञा येईपर्यंत डेटाबेसला कळत नाही. त्यामुळे वाचनाची लॉक लवकर सोडायची स्ट्रिक्टमधली मुभा बहुतेक वेळा कागदावरच राहते. म्हणून सुरुवात रिगरसपासून करावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

कॉन्झर्व्हेटिव्ह प्रकार सगळी लॉक सुरुवातीलाच घेतो, म्हणून त्यात डेडलॉक होत नाही, म्हणजे व्यवहार एकमेकांच्या लॉकची वाट पाहत अडकून बसत नाहीत. पण त्याने लॉक लवकर सोडली तर साखळी तशीच उद्भवते. स्ट्रिक्ट आणि रिगरसचं उलट आहे: साखळी नाही, डेडलॉक मात्र होतात. मायएसक्यूएलच्या इनोडीबीमध्ये ते `1213` या एररने दिसतात, आणि तो व्यवहार पुन्हा चालवायची तयारी कोडमध्ये ठेवावीच लागते.

स्ट्रिक्ट किंवा रिगरस घेतलं की किंमत वाट पाहण्यात मोजावी लागते, आणि ती बरीचशी आपल्या हातात असते. सगळेच व्यवहार ज्या ओळीवर लिहितात, उदाहरणार्थ एखादा सामाईक काउंटर, तिचा `UPDATE` व्यवहाराच्या सुरुवातीलाच असेल तर पूर्ण व्यवहारभर बाकीचे खोळंबतात. तोच `COMMIT` च्या लगेच आधी ठेवला तर लॉक तेवढ्या शेवटच्या टप्प्यापुरतंच अडतं.